सांगली–नागपूर तिकिटावर मध्येच कोपरगावला उतरलं तर पुढचं तिकीट चालतं का?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. नागपूरला मावसबहिणीच्या मुलीचं लग्न आहे. आई-बाबा आणि मी असे तिघं महाराष्ट्र एक्स्प्रेसने सांगलीहून निघणार आहोत. आईचं म्हणणं, गाडी कोपरगाववरूनच जाते, मग शिर्डी करूनच पुढे जाऊ. लग्नाआधी हाताशी दिवसही आहेत.

घरात यावरून दोन पक्ष पडलेत. माझा भाऊ म्हणतो, सरळ नागपूरपर्यंतचं ऑनलाइन तिकीट काढा, कोपरगावला उतरा, दर्शन घ्या आणि दोन दिवसांत त्याच तिकिटावर पुढे जा, रेल्वेत याला ब्रेक जर्नी म्हणतात. नवरा म्हणतो, असलं काही नसतं, गाडीतून उतरलात की तिकीट संपलं. दोघंही इतके ठाम आहेत की मी तिकीटच काढलेलं नाही. कुणी स्वतः असा प्रवास केलाय का? बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे खालचा बर्थ हवाच, जनरल डब्यात बसणं जमणार नाही.

विट्याचा_वाघ
नवऱ्याची बाजू घेतो. उतरलं की संपलं. सोपं आहे.

पेठेतला_पाहुणा
नाही हो, इतकं सोपं नाही. आता आयआरसीटीसीवर दोन पीएनआर जोडायची सोय आहे. सांगली–कोपरगाव एक तिकीट काढा, कोपरगाव–नागपूर दुसरं काढा आणि दोन्ही जोडून टाका. झाली की ब्रेक जर्नी. तुमचा भाऊ बरोबर आहे, फक्त त्याची पद्धत जुनी आहे.

जुना_टीसी
वरच्या तिघांपैकी प्रत्येकाकडे थोडं थोडं खरं आहे. माझी सगळी नोकरी याच तिकिटांवर सह्या करण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वाचायचा कंटाळा आला तर पुढचा प्रतिसाद बघा.

ब्रेक जर्नी आहे, आणि ती काही नवी सवलत नाही, फार जुना नियम आहे. तुमच्याकडे ५०० किलोमीटरपेक्षा लांबचं एकमार्गी तिकीट असेल तर वाटेत उतरून थांबता येतं. पण पहिला थांबा सुरुवातीच्या स्टेशनापासून ५०० किलोमीटर प्रवास झाल्यावरच घ्यायचा. लोक नेमकं हेच विसरतात. सांगलीहून निघालेला माणूस पुण्यात उतरतो आणि म्हणतो, माझं तिकीट नागपूरचं आहे, उद्या पुढे जाईन. पुणे सांगलीहून पावणेतीनशेच्या आत आहे. तिथे ब्रेक मिळत नाही.

आता ताईंचं बघू. सांगली ते पुणे साधारण २७० किलोमीटर. पुणे ते मनमाड ३१२ च्या आसपास. कोपरगाव मनमाडच्या अलीकडे चाळीसएक किलोमीटरवर. म्हणजे सांगलीहून कोपरगाव ५४० च्या घरात येतं. ५०० ओलांडलं, त्यामुळे तिथला थांबा नियमात बसतो.

थांबण्याची मुदत दोन दिवस, आणि त्यात पोहोचायचा दिवस व निघायचा दिवस धरत नाहीत. सोमवारी दुपारी सांगलीहून निघालात तर महाराष्ट्र मंगळवारी पहाटे कोपरगावला सोडते. मंगळवार पोहोचण्याचा, तो मोजायचा नाही. बुधवार, गुरुवार हे तुमचे दोन दिवस. शुक्रवारी पहाटेची गाडी पकडलीत तरी चालतं. पहाटे पोहोचल्यामुळे मंगळवार जवळजवळ अख्खा फुकटात मिळतो. हीच गाडी तिथे रात्री अकराला पोहोचत असती तर तो दिवस वाया गेला असता.

तर भावाचं निम्मं बरोबर. पण ऑनलाइन नागपूरपर्यंतचं तिकीट काढून मध्येच उतरा, हे त्याचं दुसरं निम्मं करू नका. कारण पुढच्या प्रतिसादात, आता डोळे दुखायला लागले.

सई_मिरजेची
काका, मालिकेचा भाग संपवतात तसं संपवलंत की! 😄

माहुलीकर
वा, म्हणजे आम्हा सातारकरांनाही कोपरगाव चालेल. आमची चुलती दर वर्षी जाते शिर्डीला.

जुना_टीसी
माहुलीकर, नाही चालणार. साताऱ्याहून पुणे १४५ च्या आसपास. त्यात मनमाडपर्यंतचे ३१२ मिळवले तर साडेचारशेच्या वर थोडं. म्हणजे मनमाडलासुद्धा ५०० भरत नाहीत, कोपरगाव तर त्याच्याही अलीकडे. साताऱ्याहून ५०० पहिल्यांदा ओलांडतात ते चाळीसगावच्या अलीकडे. चुलतींना ब्रेक हवा असेल तर चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा घ्यावा लागेल.

माहुलीकर
सातारा स्टेशनातून गावात जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आणखी थोडे किलोमीटर धरायला हवेत खरं तर 😑

भडंग_आणि_चहा
सांगलीकरांना शिर्डी मिळते, सातारकरांना नाही. देव आहे.

माहुलीकर
तुम्ही भडंग खा. आम्ही कंदी पेढा घेऊन जळगावला उतरतो.

नीरेकाठ
माझाही प्रश्न याच धाग्यात विचारते. आमचं तिकीट सांगलीहून आहे, पण मुलगा पुण्यात हॉस्टेलला असतो, तो पुण्यातूनच चढणार. त्याला ब्रेक जर्नी घ्यावी लागेल का?

सई_मिरजेची
नीरेकाठ, तुमचं वेगळं आहे. तो मध्ये उतरत नाहीये, उशिरा चढतोय. त्यासाठी बोर्डिंग स्टेशन बदलायचं असतं. वेबसाइटवर तिकीट उघडून चार्ट लागायच्या आत पुणे करून टाका. तसंच सोडलं आणि सांगलीला तो आला नाही, तर टीटीई त्याचा बर्थ आरएसीवाल्याला देऊन मोकळा होतो. आणि एकदा पुणे केलंत की सांगलीहून चढायचा हक्क गेला. नंतर सुट्टीला घरी आलाय म्हणून सांगलीलाच चढतो, असं म्हणता येत नाही.

नीरेकाठ
धन्यवाद सई. मी उगीच घाबरले होते.

जुना_टीसी
आता राहिलेलं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भाडं आणि आरक्षण. ब्रेक जर्नीत भाडं वैध राहतं. आरक्षण राहत नाही. तुमचा एस-४ मधला २५ नंबरचा बर्थ त्या दिवसाच्या त्या गाडीपुरता होता. तुम्ही कोपरगावला उतरलात की गाडी तो घेऊन नागपूरला गेली, आणि टीटीईने तो मनमाडला दुसऱ्या कुणाला दिलाही असेल. दोन दिवसांनी त्याच तिकिटावर त्याच बर्थवर जाऊन बसलात तर तिथे दुसराच प्रवासी असणार. तिघंही आरक्षणाशिवाय आरक्षित डब्यात, आणि तिकिटावर थांब्याची सही नाही. असा प्रवास योग्य तिकिटाशिवायचा धरतात. भाडं भरावं लागतं आणि वर किमान २५० रुपये दंड, तोही प्रत्येकी. त्या अर्थाने ताईंच्या नवऱ्याचंही खरं आहे.

म्हणून आरक्षित डब्यातून जायचं असेल तर ब्रेक तिकीट काढतानाच सांगावा लागतो. आरक्षणाच्या खिडकीवर अर्जात दोन्ही टप्पे लिहायचे, सांगली ते कोपरगाव अमुक तारीख, कोपरगाव ते नागपूर अमुक तारीख, आणि क्लार्कला तोंडीही सांगायचं की एकच तिकीट नागपूरचं, मध्ये ब्रेक जर्नी. मग भाडं सांगली–नागपूर सलग अंतराचं लागतं आणि दुसऱ्या टप्प्याचं आरक्षण शुल्क तेवढं वेगळं.

पेठेतला_पाहुणा
पण काका, माझ्या पद्धतीनेही तेच होतंय की. दोन पीएनआर जोडले म्हणजे एकच प्रवास झाला.

जुना_टीसी
नाही. जोडलेल्या पीएनआरचा हेतू वेगळा आहे. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे कापून न घेता परत मिळावेत, एवढ्यासाठी ती सोय आहे. २०१९ पासून आली. त्यात भाडं दोन वेगळ्या तिकिटांचंच लागतं. शिर्डीला दोन दिवस राहायचं असेल तर गाडी चुकायचा प्रश्नच नाही, मग जोडून काय मिळणार?

पेठेतला_पाहुणा
ठीक. पण मग दोन सुटी तिकिटं काढली तर बिघडलं काय? घरबसल्या होतं.

विदर्भाची_सून
काहीच बिघडत नाही, थोडे पैसे जास्त जातात एवढंच. रेल्वेचं भाडं लांब पल्ल्याला स्वस्त होत जातं. पहिल्या पाचशे किलोमीटरला जो दर पडतो त्यापेक्षा हजाराच्या पुढच्या किलोमीटरला कमी. दोन तिकिटं केली की दुसरं पुन्हा पहिल्या चढ्या दरापासून सुरू होतं. स्लीपरला फरक फार मोठा नाही, पण तिघांचा मिळून नागपूर स्टेशनबाहेरच्या रिक्षेपुरता नक्की निघतो. एसी टू टियरला जास्त जाणवतो.

मी माहेरून, साताऱ्याहून नागपूरला परत येताना हा उद्योग केलाय. माझा ब्रेक भुसावळचा होता, तिथे नणंद राहते. खिडकीवरून मला दोन कागद मिळाले. पहिल्यावर पूर्ण भाडं, दुसऱ्यावर फक्त आरक्षणाचे पैसे. स्लीपरचं आरक्षण शुल्क २० रुपये, थ्री एसीचं ४०. महाराष्ट्र एक्स्प्रेस सुपरफास्टमध्ये येत नाही, म्हणून तो अधिभार लागत नाही. दुसऱ्या टप्प्याला सुपरफास्ट गाडी घेतलीत तर स्लीपरला ३० रुपये वाढतात.

एक सांगते, दुसरा कागद हरवू नका आणि पहिला फेकू नका. दुसऱ्या टप्प्यात टीटीईने दुसरा कागद पाहिला आणि म्हणाला, यावर भाडंच नाही. पहिला पर्समध्ये होता म्हणून बरं. दोन्ही एकत्र दाखवल्यावर मग मान हलवली.

कृष्णाकाठची
बापरे, केवढी माहिती! जुना_टीसी काका, विदर्भाची_सून, मनापासून आभार. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही 😄

काका, सहीचं काय? कुणाकडून घ्यायची?

जुना_टीसी
कोपरगावला उतरल्यावर बाहेर पडण्याआधी. गेटवर टीसी असेल तर त्याला तिकीट द्या, म्हणा ब्रेक जर्नी घेतोय. तो मागच्या बाजूला स्टेशनचं नाव, तारीख आणि सही करतो. पहाटेच्या वेळी गेटवर कुणी नसतं बहुतेक, मग स्टेशन मास्तरांच्या खोलीत जायचं. आरक्षित ब्रेकमध्ये दुसऱ्या कागदावर तारीख छापलेलीच असते, त्यामुळे काही जण म्हणतात सहीची गरज नाही. माझं मत, घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि विदर्भाची_सून यांना जो टीटीई भेटला तसा तुम्हाला भेटला तर सही उपयोगी पडते.

पूर्वी जाड पुठ्ठ्याची तिकिटं असायची. पुणे–मिरज मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला, त्यानंतरही कितीतरी वर्षं तीच. त्या एवढ्याशा पुठ्ठ्यामागे दोन स्टेशनांच्या सह्या मावायच्या नाहीत. एखाद्या यात्रेकरूच्या तिकिटामागे पहिल्याने एवढी ऐसपैस सही केलेली असायची की दुसऱ्याला जागाच नाही. मग आम्ही बाजूच्या कडेवर बारीक अक्षरात लिहायचो.

सई_मिरजेची
काका, तुम्ही मिरजेला होतात? मिरजेत तेव्हा तिन्ही गेज होते म्हणतात.

जुना_टीसी
होते. मीटर, ब्रॉड आणि कुर्डुवाडीकडची नॅरोगेज. एका फलाटावरून दुसऱ्यावर माणूस धावत जायचा तो गाडीच नव्हे, गेजही बदलायचा. पण तो विषय काढलात तर हा धागा उद्या सकाळपर्यंत चालेल.

विट्याचा_वाघ
मी माघार घेतो. पण एक विचारतो. शिर्डीलाच स्टेशन झालंय ना आता, साईनगर शिर्डी. मग कोपरगावला कशाला उतरायचं? डायरेक्ट शिर्डीला ब्रेक घ्यावा.

विदर्भाची_सून
ब्रेक तुमच्या तिकिटाच्या वाटेवरच्या स्टेशनात घेता येतो. साईनगर शिर्डी वाटेवर नाही, पुणतांब्याहून निघणाऱ्या फाट्यावर आहे. सांगली–नागपूर तिकीट त्या फाट्यावर चालत नाही. कोपरगावहून शिर्डी पंधराएक किलोमीटर, बाहेर रिक्षा आणि जीप उभ्याच असतात. पहाटे भाव जास्त सांगतात, ते धरून चाला.

भडंग_आणि_चहा
वाघ आज एका धाग्यात दोनदा माघार घेणार बहुतेक.

विट्याचा_वाघ
😂

शेगावचा_पाईक
सगळे शिर्डीवर अडकलेत. हीच गाडी शेगावलाही थांबते! शिर्डी झाली, मग शेगाव, मग नागपूर. दोन ब्रेक घेता येत नाहीत का?

जुना_टीसी
येतात. तिकीट १००० किलोमीटरपर्यंतचं असेल तर एकच ब्रेक, त्यापेक्षा लांबचं असेल तर दोन. सांगली–नागपूर साडेअकराशेच्या थोडं वर आहे, म्हणून दोन चालतील. ५०० ची अट फक्त पहिल्या थांब्याला. कोपरगावनंतर शेगाव जवळ असलं तरी हरकत नाही. मात्र उद्या कुणी सांगली–शेगाव एवढंच तिकीट काढलं तर ते हजाराच्या आत राहतं, मग वाटेत एकच.

तीन टप्पे झाले की आरक्षण शुल्कही आणखी एकदा. आणि तीन वेगळ्या तारखांना तिघांना खालचे बर्थ मिळणं हे बाकी सगळ्या नियमांपेक्षा अवघड.

कृष्णाकाठची
शेगाव ऐकून आई उठून बसली आहे. शेगावचा_पाईक, तुम्ही कशाला आठवण केलीत 😭

अर्धवटराव
मला एक कळत नाही. पुण्यात २४ तासांपर्यंत थांबलं तर ब्रेक धरत नाहीत ना? मग ५०० ची अट आडवी कशी येते? मी एकदा साताऱ्याहून भोपाळला जाताना पुण्यात रात्र काढून दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी पकडली होती, एकाच तिकिटावर. कुणी काही म्हटलं नाही.

जुना_टीसी
तुमचं बरोबर आहे आणि मी ते वर सांगायला हवं होतं. जंक्शनवर पुढची गाडी पकडण्यासाठी थांबलात आणि २४ तासांच्या आत निघालात, तर तो ब्रेक धरत नाहीत. म्हणून पुण्यात गाडी बदलणाऱ्याला ५०० ची अट लागत नाही. पण तिकीट काढतानाच ते दोन गाड्यांचं काढलेलं हवं. महाराष्ट्रचं सलग तिकीट काढून पुण्यात उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा महाराष्ट्रमध्येच चढायचं, याला गाडी बदलणं म्हणत नाहीत.

अर्धवटराव
का नाही? दुसऱ्या दिवशीची महाराष्ट्र ही वेगळीच गाडी आहे की. चोवीस तास भरायच्या आत सुटली म्हणजे झालं.

जुना_टीसी
नियम जोड गाडीसाठी आहे. तुम्ही ज्या गाडीत बसला होतात तीच पुढे जात होती. तुम्ही हौसेने उतरलात.

अर्धवटराव
हौस की गरज, हे तिकिटावर लिहिलेलं नसतं.

विदर्भाची_सून
दोघांचंही पटतंय. पण खिडकीवरचा क्लार्क काय म्हणेल ते त्याच्यावर. भुसावळच्या वेळी मला पहिल्या खिडकीवर नाहीच म्हणाले होते. शेजारच्या खिडकीवरच्या बाईंनी एका मिनिटात करून दिलं.

पेठेतला_पाहुणा
माझा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. सलग ई-तिकीट असेल, आणि कोपरगावला उतरून स्टेशन मास्तरांकडून त्याच्या प्रिंटवर सही घेतली, तर पुढे निदान जनरल डब्यातून जाता येईल ना? भाडं तर भरलेलंच आहे.

सई_मिरजेची
ई-तिकिटावर ब्रेक चालत नाही असंच मी ऐकलंय. ते ज्या गाडीचं असतं त्याच गाडीपुरतं.

जुना_टीसी
माझ्या काळात ई-तिकीट नव्हतं, त्यामुळे त्यावर मी सही केलेली नाही. बुकिंग करताना ऑनलाइनवर ब्रेक टाकायची सोय मला दिसलेली नाही. मी तरी ती जोखीम घेणार नाही, आई-वडील बरोबर असताना तर नाहीच.

पेठेतला_पाहुणा
माझा एक मित्र सही घेऊन गेला होता म्हणतो. आता त्यालाच विचारतो की टीटीई आला होता का.

भडंग_आणि_चहा
टीटीई आला नसेल तर सगळेच नियम चालतात.

माहुलीकर
राजधानी, शताब्दीला पण चालतो का ब्रेक? आणि आमच्या वंदे भारतला?

विदर्भाची_सून
राजधानी, शताब्दी, जनशताब्दीला नाही, त्यांचं तिकीट एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणापर्यंतचंच धरतात. आणि तुमची वंदे भारत पुण्यापर्यंत जाते हो, तिला ५०० किलोमीटर कुठून आणणार?

माहुलीकर
विचारायला काय जातंय!

सातभाई_कवलापूर
धागा उशिरा पाहिला. एक व्यवहाराचा मुद्दा कुणी लिहिला नाही. कोपरगावहून चढणाऱ्यांना बर्थ फार नसतात. सांगलीहून नागपूरपर्यंत सलग तिकीट कन्फर्म दिसतं आणि तेच कोपरगाव–नागपूर बघायला जावं तर वेटिंग. ब्रेक जर्नीत दुसरा टप्पा वेटिंगवर राहिला तर भाडं भरलेलं असूनही स्लीपरमध्ये बसता येत नाही. हल्ली वेटिंगवाल्यांना आरक्षित डब्यात चढू देत नाहीत. म्हणून खिडकीवर जायच्या आधी घरूनच वेबसाइटवर कोपरगाव–नागपूर त्या तीन-चार तारखांना काय दिसतंय ते बघून ठेवा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हाच गेलात तर बरं.

पर्याय म्हणून मनमाडचा विचार करा. सांगलीहून तेही ५०० च्या पुढे आहे. मनमाडला मुंबईकडून येणाऱ्या नागपूर बाजूच्या गाड्या मिळतात, सेवाग्राम आहे, विदर्भ आहे. दुसऱ्या टप्प्याला तीच गाडी घ्यायला हवी असं काही नाही. शिर्डी मनमाडहून लांब पडते, साठएक किलोमीटर, पण उतरायचं कोपरगावला आणि चढायचं मनमाडला असं मात्र करू नका. ब्रेक एकाच स्टेशनचा.

जुना_टीसी
सातभाई, शंभर टक्के. मनमाडचा मुद्दा चांगला काढलात.

अर्धवटराव
उतरायचं कोपरगावला आणि चढायचं मनमाडला, याने रेल्वेचं काय नुकसान होतं? उलट तेवढं अंतर ती मला नेत नाहीये.

जुना_टीसी
अर्धवटराव, तुम्ही रेल्वे बोर्डालाच पत्र लिहा.

कृष्णाकाठची
आज सकाळी सांगली स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर जाऊन आले. दोन टप्प्यांचा अर्ज भरला. क्लार्कने आधी विचारलं, दोन तिकिटं हवीत ना? मी म्हटलं, नाही, एक तिकीट, ब्रेक जर्नी. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि करून दिलं. दोन कागद मिळाले, विदर्भाची_सून यांनी लिहिल्याप्रमाणेच.

सातभाईंचं ऐकून आधी बर्थ बघितले होते ते बरं झालं. आमचा बेत बुधवारी पहाटे कोपरगावहून निघायचा होता, पण त्या दिवशी वेटिंग होतं. गुरुवारी तिन्ही कन्फर्म मिळाले, बाबांना खालचा बर्थही. म्हणजे मंगळवार आणि बुधवार शिर्डीत. आईला तेच हवं होतं, फक्त बोलून दाखवत नव्हती. शेगाव परतीच्या वाटेवर बघू असं सांगून सध्या वेळ मारून नेली आहे.

शेगावचा_पाईक
परतीला नागपूरहून शेगाव ५०० च्या आत येतं हो ताई. तिथे ब्रेक मिळणार नाही. जाताना केलं असतं तर चाललं असतं.

कृष्णाकाठची
पाईक, हे आईला कळता कामा नये.

जुना_टीसी
नागपूर–शेगाव आणि शेगाव–सांगली अशी दोन सुटी तिकिटं काढा आणि विषय संपवा. सगळीकडे पैसे वाचवायचे नसतात.

अर्धवटराव
किंवा नागपूरऐवजी गोंदियाहून तिकीट काढा, म्हणजे अंतर वाढेल.

विदर्भाची_सून
गोंदिया नागपूरहून १३० किलोमीटर मागे आहे. तेवढं धरूनही शेगाव ५०० च्या आतच राहतं. मी मागे हिशोब करून पाहिलाय 😄

पेठेतला_पाहुणा
मित्राला विचारलं. टीटीई आलाच नव्हता.